‘अपेक्षित’ करारभंग की ‘मुदतपूर्व’?

अनुवादिका (कोथरूड): एका नोटिशीचा मराठी मसुदा करते आहे. अशील दिवाळी अंक काढतात. २,००० प्रती, प्रत्येकी ९० रुपये, ५ ऑक्टोबरपर्यंत छापून द्यायच्या, असं छापखान्याशी लेखी ठरलं आणि ६०,००० रुपये आगाऊ दिले. २० ऑगस्टला छापखान्याचा निरोप आला: ‘मशीन दुसऱ्या कामाला दिलंय. तुमचा अंक आमच्याकडून होणार नाही. दुसरीकडे बघा.’ मुदत संपायला दीड महिना आहे. इंग्रजी मसुद्यात ‘अँटिसिपेटरी ब्रीच’ लिहिलंय. कोशात ‘अपेक्षित भंग’ सापडला, पण तो मला खटकतो. आमच्या अशिलांनी कसली अपेक्षा केली होती? दुसरा प्रश्न शेवटच्या वाक्याचा. तिथे ‘करार संपुष्टात आला आहे’ असं लिहू का?

सदाशिवकर: शब्द काहीही घ्या, ताई. समोरच्यानं नाही म्हटलं, तिथेच करार संपला. पुढची नोटीस म्हणजे पैसे परत मागण्याचं पत्र. ‘संपुष्टात आला’ बरोबर आहे.

शिवाजीनगरचा जुना वकील: सदाशिवकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. नाही म्हणणं हा भंग आहे आणि त्यासाठी ५ ऑक्टोबर उजाडायची गरज नाही. पण त्यानं करार आपोआप संपत नाही. संविदा अधिनियमाचं कलम ३९ बघा. एकानं आपलं वचन पूर्णपणे पाळायला नकार दिला, किंवा ते पाळणं स्वतःच अशक्य करून टाकलं, तर दुसरा करार संपवू ‘शकतो’. तो चालू ठेवायला शब्दानं किंवा वागण्यानं संमती दिली असेल, तर मात्र नाही. म्हणजे संपवण्याची किल्ली मोडणाऱ्याच्या हातात नाही, समोरच्याच्या हातात आहे.

म्हणून ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका अक्षरात आहे. ‘संपुष्टात आला’ लिहू नका, ‘संपुष्टात आणला’ लिहा. आणि कोणी आणला, तेही लिहा: ‘आपण दिलेला नकार स्वीकारून आम्ही हा करार आज संपुष्टात आणत आहोत.’ ‘आला’ लिहिलंत तर कर्ताच नाहीसा होतो, आणि अशिलांनी नेमका कोणता मार्ग निवडला हे वाचणाऱ्याला कळत नाही.

अनुवादिका: दोन मार्ग म्हणजे कोणते? करार संपवला नाही तर काय होतं?

शिवाजीनगरचा जुना वकील: दुसरा मार्ग वाट पाहण्याचा. ‘तुमचा नकार आम्हाला मान्य नाही, ५ ऑक्टोबरला प्रती द्या’ असं कळवायचं. मग करार जिवंत राहतो, पण दोघांसाठी. छापखान्याला मन बदलून अंक छापून द्यायची मुभा राहते, आणि तसं झालं तर तुम्हाला तो घ्यावा लागेल. तोवर तुम्ही दुसरीकडे छापून घेतला असेल, तर चूक तुमच्या गळ्यात.

शिवाय मधल्या काळात काही घडलं, तर त्याचा फायदा मोडणाऱ्याला होऊ शकतो. १८५५ सालचा एक इंग्लिश खटला आहे. ओडेसा बंदरात जहाज माल भरायला थांबलं होतं आणि मुदत ४५ दिवसांची होती. भाडेकऱ्याचा माणूस सांगत राहिला की माल नाही, निघून जा. कप्तान थांबला. मुदत संपायच्या आत क्रिमियाचं युद्ध जाहीर झालं, तिथे माल भरणंच बेकायदा ठरलं आणि जहाजमालकाच्या हाती काही लागलं नाही. उद्या मुठेला पूर येऊन त्या छापखान्यात पाणी शिरलं आणि काम खरोखरच अशक्य झालं, तर तोही हेच म्हणेल.

छापखानेवाला (अप्पा बळवंत चौक): आमच्या धंद्यातला भाव सांगतो, त्यावरून हिशेब करा. ऑगस्टच्या शेवटी दुसरा छापखाना हेच काम समजा १०५ रुपयांत घेईल. सप्टेंबरच्या शेवटी दिवाळी अंकांची गर्दी झाल्यावर तोच १३५ सांगेल. कागद आधी बांधलेला नसेल तर आणखी पंचाईत.

शिवाजीनगरचा जुना वकील: हाच मुद्दा. आज करार संपवून १०५ नं छापलं, तर फरक १५ रुपयांचा, २,००० प्रतींचे ३०,०००. ते आणि आगाऊचे ६०,००० असे ९०,००० मागा. नव्या छापखान्याला २,१०,००० जातील. ९०,००० परत आले की तुमचा एकूण खर्च बरोबर १,८०,००० होतो, म्हणजे करार पाळला गेला असता तर झाला असता तेवढाच. पण करार संपवून मग हात बांधून बसलात आणि सप्टेंबरअखेरीस १३५ नं छापलंत, तर ९०,००० चा फरक सहजी मिळणार नाही. नुकसान कमी करायचे उपाय हाताशी होते का, हे कलम ७३ खाली न्यायालय बघतं.

सदाशिवकर: मान्य. पण मुदत संपण्याआधी दावा लावता येतो, हे मला अजून पटत नाही. भंग झालाच नाही तर दावा कशाचा?

शिवाजीनगरचा जुना वकील: हाच आक्षेप १८५३ मध्ये इंग्लंडात घेतला गेला. एका माणसाला १ जून १८५२ पासून प्रवासात सोबत राहण्यासाठी नेमलं होतं. ११ मे रोजी ‘गरज नाही’ असं कळवलं. त्यानं २२ मे रोजीच दावा लावला आणि तो टिकला. त्याला १ जूनपर्यंत रिकामं बसवून ठेवणं दोघांच्याही तोट्याचं, असा विचार त्यामागे होता.

वाकडकर: माझंही असंच आहे. बिल्डर ताबा मार्चमध्ये देतो म्हणाला होता, आता ‘डिसेंबरपर्यंत होईल बहुतेक’ म्हणतो. हा मुदतपूर्व भंग ना?

शिवाजीनगरचा जुना वकील: नाही. तुमची मुदत उलटून गेली आहे, तो झालेला विलंब आहे. त्याचे उपाय वेगळे, रेराकडे जा. आणि ‘होईल बहुतेक’ हा नकारही नव्हे. मुदत बाकी असताना कोणी असं गुळमुळीत बोललं, तर आधी लेखी विचारावं: ‘अमुक तारखेपर्यंत करणार की नाही, स्पष्ट कळवा.’ घाईनं करार संपवला आणि समोरच्याचा नकार पुरेसा स्पष्ट नव्हता असं ठरलं, तर मोडणारे तुम्ही ठरता. ताईंच्या निरोपात ‘दुसरीकडे बघा’ आहे, म्हणून तिथे शंका नाही.

अनुवादिका: मग शब्द? मी ‘आगाऊ करारभंग’ असाही विचार केला होता.

छापखानेवाला: नको. नोटिशीत ‘आगाऊ रक्कम’ही आहे, घोळ होईल. आणि ‘आगाऊ’ म्हटलं की आमच्याकडे उद्धट पोरगा आठवतो.

मराठीची शिक्षिका: ‘मुदतपूर्व करारभंग’ का नाही? ‘मुदतपूर्व निवडणुका’ सगळ्यांना कळतात. भंग मुदतीच्या आधी झाला, एवढंच तो शब्द सांगतो, अपेक्षा कुणाची हा प्रश्न उरत नाही. ‘इनोसंट पार्टी’ला मात्र ‘निर्दोष पक्ष’ लिहू नका. तो फौजदारी खटल्यातून सुटलेला वाटतो. ‘करार पाळणारा पक्ष’ म्हणा.

शिवाजीनगरचा जुना वकील: ‘मुदतपूर्व’ मला आवडला. ‘करार पाळणारा’ याला माझी हरकत आहे. पुष्कळदा त्याची पाळी अजून आलेलीच नसते. मी ‘बाधित पक्ष’ लिहीन.

मराठीची शिक्षिका: ‘बाधित’ म्हटलं की भूकंपबाधित, पूरबाधित. नकार मिळालेल्या माणसाला निवड करायची असते, आणि या शब्दात तो नुसता सोसणारा दिसतो.

अनुवादिका: त्या जागी सध्या सरळ ‘आमचे अशील’ लिहिते. आणि ‘करार रद्द करत आहोत’ चालेल का? अशिलांना तोच शब्द ओळखीचा आहे.

शिवाजीनगरचा जुना वकील: चालतो, पण ‘रद्द’ म्हटलं की जणू करार झालाच नव्हता, असा भास होतो. उद्या समोरचा म्हणेल, रद्द केलात ना, मग भरपाई कसली? योग्य कारणानं करार संपवणाऱ्याला भरपाई मिळते, हे कलम ७५ मध्ये आहेच. तरी ‘संपुष्टात आणत आहोत’ लिहा आणि त्याच वाक्यात ‘नुकसानभरपाईचा हक्क राखून’ जोडा. तोवर अशिलांनी छापखान्याला मजकुराच्या फाइली पाठवू नयेत. कलम ३९ च्या उदाहरणात एक गायिका सहाव्या रात्री मुद्दाम गैरहजर राहते, आणि नाट्यगृहाचा व्यवस्थापक सातव्या रात्री तिला गाऊ देतो. झालं, करार संपवायचा हक्क गेला, उरली फक्त सहाव्या रात्रीची भरपाई.

अनुवादिका: बापरे. मुखपृष्ठाची फाइल काल गेली आहे.

शिवाजीनगरचा जुना वकील: कोणी पाठवली, आणि सोबत काय लिहिलं होतं?

अनुवादिका: चित्रकारानं परस्पर पाठवली. त्याला नकाराची कल्पना नव्हती.

शिवाजीनगरचा जुना वकील: मग आजच छापखान्याला दोन ओळी पाठवा, की ती अशिलांच्या सूचनेशिवाय गेली आणि तिला संमती समजू नये. तेवढ्यानं पुरेल की नाही, ते मी निरोपांच्या तारखा बघितल्याशिवाय सांगणार नाही.