व्हीआरएसचे ५ लाख करमुक्त दाखवले, आता अधिकारी विचारतोय की कंपनीने पदं भरली नाहीत कशावरून?

नाशिककर: वय ५२, नोकरी २४ वर्षं, बेसिक-डीए ४८ हजार, व्हीआरएसचे १८ लाख मिळाले. इन्कम टॅक्सच्या कलम १०(१०सी) खाली ५ लाख वजा केले. आता १४२(१) ची नोटीस आलीये, स्कीमची कॉपी द्या आणि रिकामी पदं भरली का ते सांगा. मला काय माहीत हो? माझ्या मते हे कंपनीला विचारायला पाहिजे.

बापू: अगदी बरोबर, कामगाराने का सिद्ध करायचं? फॉर्म १६ मध्ये सूट दिसत असेल तर तोच जोडा आणि मोकळे व्हा. फक्त १० वर्षं नोकरी आणि ४० वय दोन्ही पाहिजे, ते तुमचं आहेच.

जुना अकाउंटंट: बापू, दोन्ही नाही, एक असलं तरी चालतं. आणि नुसत्या फॉर्म १६ वर भागत नाही, कारण सूट मागितलीय तुम्ही, कंपनीने नाही. नियम २बीए मध्ये मोजक्या अटी आहेत: स्कीम डायरेक्टर सोडून सगळ्यांना खुली हवी, एकूण माणसं कमी करण्यासाठी हवी, ती जागा पुन्हा भरायची नाही, आणि गेलेल्या माणसाने त्याच मालकाच्या दुसऱ्या कंपनीत लागायचं नाही. रकमेलाही मर्यादा आहे, तुमच्या बाबतीत ३ महिन्यांचा पगार गुणिले २४ वर्षं म्हणजे ३४ लाख ५६ हजार होतात, १८ लाख त्यात आरामात बसतात, तेव्हा हा हिशोब उत्तरात मांडाच. एचआरकडून लेटरहेडवर पत्र घ्या, त्यात पद रद्द केल्याचं स्पष्ट लिहून घ्या. नाहीच दिलं तर मागणीचा ईमेल जोडा आणि कंपनीकडून १३३(६) खाली माहिती मागवा अशी अधिकाऱ्याला लेखी विनंती करा.

सुनीताताई: माझ्या मिस्टरांची ग्रॅच्युइटीसुद्धा यात धरली होती, ती वेगळी दाखवायची ना?

जुना अकाउंटंट: हो ताई, ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे वेगळ्या कलमात, ५ लाखांत नाही.

नाशिककर: पण आमच्या शॉपमध्ये सहा महिन्यांत कंत्राटी पोरं घेतली. ते लिहायचं का?

बापू: अजिबात नको, स्वतःच्या पायावर कुऱ्हाड कशाला!

जुना अकाउंटंट: मी लपवणार नाही. आपल्याला जे माहीत आहे तेवढंच लिहायचं, की माझं पद भरल्याची मला माहिती नाही, कंत्राटदाराची माणसं दिसली. कंत्राटी म्हणजे पद भरलं का, यावर वाद घालता येतो, खोटं लिहिलेलं पकडलं गेलं तर तेवढीही जागा राहत नाही. रिझर्व्ह बँकेच्या लवकर निवृत्तीच्या स्कीमवरही असाच वाद होऊन मुंबई हायकोर्टाने कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिलाय.

बापू: ती बँक, हा कारखाना. स्कीमचे कागद सारखे असतील असं नाही.

जुना अकाउंटंट: तेही खरं. म्हणून आधी तुमच्या स्कीमचा कागद वाचा, पदं भरणार नाही असं त्यात लिहिलंय का ते इथे सांगा.

नाशिककर: कपाटात शोधतो. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय.