सहलीचा हिशेब : कोण किती रात्री राहिलं, कोणी काय खाल्लं? अनुभव सांगा

जुई

सगळे एकत्र गेले, एकत्र राहिले आणि एकत्र परतले, तर भागाकार करून विषय संपतो. खरा प्रश्न पुढे-मागे आलेल्यांचा असतो. तुम्ही तो कसा सोडवता ते इथे लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही पाच जण देवबागला गेलो होतो. पूर्ण घर घेतलं, रात्रीचे ६००० प्रमाणे तीन रात्रींचे १८,००० झाले. तिघं तीनही रात्री होतो. एक मैत्रीण दुसऱ्या दिवशी आली, म्हणजे ती दोन रात्री राहिली. पाचवा मित्र फक्त शेवटच्या रात्री होता. मी प्रत्येक रात्र वेगळी धरली. पहिल्या रात्री तिघांत २०००, दुसऱ्या रात्री चौघांत १५००, तिसऱ्या रात्री पाच जणांत १२००. म्हणजे आम्हा तिघांचे प्रत्येकी ४७००, मैत्रिणीचे २७०० आणि मित्राचे १२००. बेरीज बरोबर जुळते, पण ग्रुपवर सगळ्यांना हे पटलेलं नाही.

आडवाट

एवढं कशाला? माणशी रात्री मोजायच्या. तीन जणांच्या नऊ, तिच्या दोन, त्याची एक, एकूण बारा. १८,००० भागिले १२ म्हणजे एका रात्रीचे १५००. तिघांनी ४५००, तिने ३०००, त्याने १५०० द्यायचे. आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये सगळ्याच गोष्टी अशा लावतो. जेवण, गाडी, सगळं.

हिशेबनीस

आडवाट, घरासाठी तुमची पद्धत चालेल. गाडीला ती लावू नका. गाडीचा खर्च रात्रींवर नसतो, कोण किती अंतर बसलं यावर असतो. जो रेल्वेने कुडाळला उतरला आणि परतीला गाडीत बसला, त्याचा फक्त परतीच्या डिझेलात आणि टोलमध्ये वाटा. तो एक रात्र राहिला की तीन, त्याचा इथे संबंध नाही. मी खर्च नेहमी तीन ढिगांत टाकतो : रात्रीवर चालणारा, प्रवासावर चालणारा आणि ज्याने घेतलं त्याचाच. स्कूबा तिसऱ्या ढिगात, त्यावर चर्चाच नको.

जुई, घराबद्दल एक विचारू का? पाचवा येणार नसता तर हेच घर घेतलं असतं का?

जुई

नाही. शेजारीच दोन खोल्या २००० प्रमाणे मिळत होत्या, चौघांना पुरल्या असत्या. तो तीनही रात्री येणार म्हणाला होता, म्हणून पूर्ण घर घेतलं. आयत्या वेळी त्याची रजा रद्द झाली आणि तो शेवटच्या दिवशी पोचला.

हिशेबनीस

मग वादाचं मूळ इथे आहे. त्याच्याशिवाय तुमचा खर्च १२,००० झाला असता. त्याच्यामुळे तो १८,००० झाला आणि तो १२०० देणार. चौघांच्या मनात हेच खुपतंय, फक्त कोणी बोलत नाहीये. उलट सगळे ६००० त्याच्या माथी मारणंही चूक, कारण मोठं घर, ओसरी, मागचं अंगण सगळ्यांनीच वापरलं आणि घर घ्यायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं.

मी असं केलं असतं. दोन खोल्यांचे ४००० हा मूळ खर्च, तो तू केलास तसाच रात्रीनिहाय वाटायचा. वरचे २००० हा ठरवण्याचा खर्च, तो तीन रात्रींचा मिळून ६०००, पाच जणांत सारखा, माणशी १२००. मग तुम्हा तिघांचे प्रत्येकी ४३३३ आणि काही पैसे, मैत्रिणीचे ३०००, मित्राचे २०००. बेरीज पुन्हा १८,००० येते.

चकली

आमच्याकडे वेगळंच होतं. दरवर्षी सासरची सगळी मंडळी मिळून जातो आणि थोरल्या दिरांनी आधीच वर्गणी ठरवलेली असते. मुलांची अर्धी, पाच वर्षांखालच्यांची नाही. उरलं तर पुढच्या वर्षीच्या डब्यात. कोण किती रात्री राहिलं हे कोणी विचारत नाही, आणि तसं बरंही वाटतं. पण अर्ध्या वर्गणीचा मुलगा सतराव्या वर्षी तीन सुरमया खातो तेव्हा काय करायचं, हे कुणी सांगेल का?

हिशेबनीस

चकलीताई, खोलीत वेगळी गादी लागते तेव्हापासून राहण्याचा पूर्ण वाटा आणि ताट पूर्ण घेतो तेव्हापासून जेवणाचा. दोन्ही एकाच वर्षी सुरू व्हायलाच हवेत असं नाही.

निळाईत

मी शाकाहारी, दारू घेत नाही. त्यामुळे माझा प्रश्न रात्रींचा नसतो, बिलाचा असतो. मालवणचं एक जेवण सांगते. पाच जण : दोन शाकाहारी थाळ्या २५० च्या, तीन सुरमई थाळ्या ५०० च्या, म्हणजे २०००. त्यावर ५ टक्के जीएसटी, १००. दोघांनी घेतलेली बियर करासकट १३००. एकूण ३४००. पाचाने भागून माझ्याकडे ६८० मागितले. माझं जेवण करासकट २६२ रुपये ५० पैसे होतं. मी दिले, पण दर वेळी दिले असते तर मी त्या ग्रुपबरोबर जाणंच थांबवलं असतं. पुढच्या वेळी जेवायला बसण्याआधीच सांगितलं आणि कुणी वाईट वाटून घेतलं नाही.

आडवाट

थाळीचे आपापले द्या, पण कर तरी सारखा वाटा की. पाच-दहा रुपयांसाठी किती डोकं चालवायचं?

हिशेबनीस

जीएसटी सारखा वाटला तर फरक खरंच किरकोळ पडतो, तिथे ताणू नका. बियरच्या कराचं तसं नाही. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट वेगळा लागतो आणि बिलावर तो वेगळ्या ओळीत दिसतो. काही ठिकाणी तर दोन वेगळी बिलंच येतात. ती ओळ पिणाऱ्यांचीच. बिलाचा फोटो जेवणाच्या टेबलावरच काढून ग्रुपवर टाका. दोन दिवसांनी "सोलकढी कोणी मागवली" हे कुणालाही आठवत नाही.

मेपल

आम्ही कॅनडात मराठी मित्रमंडळी लाँग वीकेंडला केबिन घेतो. इथे रात्रीच्या भाड्याशिवाय स्वच्छतेचे पैसे एकदाच लागतात, एक रात्र राहा की चार. ते आम्ही रात्रींवर न वाटता डोक्यांवर वाटतो, कारण एक रात्र राहिलेल्याचीही चादर धुवावी लागते. खोल्यांमध्ये फरक असेल तर, म्हणजे एकाला स्वतंत्र बाथरूम आणि दुसरा हॉलमध्ये सोफ्यावर, सोफेवाल्याचा वाटा अर्धा. हे जाण्याआधी ठरतं. परत आल्यावर ठरवायला गेलं की सोफ्यावर झोपलेल्याला बोलायचा संकोच होतो.

जुई

सोफ्याचा मुद्दा आमच्याकडे आलाच नव्हता, पण मैत्रीण शेवटच्या रात्री ओसरीवर झोपली होती. विचारते तिला.

हिशेबनीस, तुमचा आकडा मी ग्रुपवर टाकला. मित्र २००० ला लगेच तयार झाला. मैत्रीण मात्र म्हणते, "मी उशिरा येणार हे महिनाभर आधी सांगितलं होतं, मग त्या जादा १२०० मध्ये मी का?" तिचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही.

हिशेबनीस

नाहीच चुकीचं. तिने आधी कळवलं, त्याने आयत्या वेळी. पहिल्या रात्रीचे वरचे २००० तिला वगळून चौघांत वाटले तर तिचे ४०० कमी होतात आणि बाकी चौघांचे १०० वाढतात. मग ती २६००, तो २१००, तुम्ही तिघं ४४३३. पण पाचव्याची रजा त्याच्या हातात नव्हती, हेही तितकंच खरं. तिथे गणित मला पुढे नेत नाही.

आडवाट

मग बाराने भागा, १५०० आणि ३०००. निदान सगळ्यांना तोंडी करता येतं.

जुई

आज रात्री कॉलवर बोलतोय. १८,००० माझ्या खात्यातून गेले आहेत, त्यामुळे आकडा मी न सुचवता त्या दोघांनाच आधी बोलू देणार आहे. बाकीच्यांनीही लिहा, विशेषतः कुणी शेवटच्या क्षणी गळलं असेल तर तुम्ही काय केलंत.