मदत हवी आहे: कोजागिरीला येणाऱ्या पाहुण्यांची गेटवर नोंद, पूर्वयादी आणि एकदाच चालणारे कोड

गच्ची_समिती

आमची सोसायटी ठाण्यात आहे. तीन विंग आणि 168 फ्लॅट आहेत. यंदा कोजागिरीचा कार्यक्रम मोकळ्या आवारात असून प्रत्येक फ्लॅटला जास्तीत जास्त चार पाहुणे बोलावता येतील, असे समितीने ठरवले आहे. आतापर्यंत आलेल्या नावांवरून साडेचारशेच्या आसपास पाहुणे येतील असा अंदाज आहे आणि त्यांतले बहुतेक रात्री आठ ते नऊ या एका तासात गेटवर पोहोचतील. वॉचमनने प्रत्येकासाठी इंटरकॉमवर फ्लॅटला विचारायचे म्हटले, तर गाड्यांची रांग थेट मुख्य रस्त्यावर जाईल, शिवाय यजमान खाली आवारात असल्यामुळे घरचा इंटरकॉम उचलायलाही कोणी नसेल.

आमच्याकडे गेटचे ॲप आहे, परंतु त्यातला पाहुण्यांचा कोड त्या तारखेपुरताच चालतो आणि रात्री बारा वाजता रद्द होतो. दूध बाराच्या सुमारास वाटले जाते, त्यामुळे उशिरा येणारे आणि मध्येच बाहेर जाऊन परतणारे नेमके त्याच वेळी अडकतील. काही ज्येष्ठ रहिवासी ॲप वापरतही नाहीत. म्हणून नावांची यादी आधी गोळा करून, स्प्रेडशीटमध्ये कोड तयार करून, गेटवर छापील कागदावर नोंद ठेवण्याचा विचार आहे. मुख्य गेट आणि पायी येणाऱ्यांचे छोटे गेट अशा दोन ठिकाणी तपासणी असेल. कोड किती आकड्यांचा असावा, आणि एका गेटवर वापरलेला कोड दुसऱ्या गेटवर पुन्हा चालू नये यासाठी काय करावे?

सी_विंग_704

आमच्याकडे घरकामाच्या मावशींना आणि दूधवाल्यांना कायमचे पास दिले आहेत, त्यावर फोटो असतो आणि वॉचमनला ते तोंडओळखीने माहीत असतात. तुम्हीही पासच छापून घ्यावेत, कोडची गरज पडणार नाही.

गच्ची_समिती

रोज येणाऱ्यांसाठी ती व्यवस्था आमच्याकडेही आहे आणि ती चांगली चालते. हे पाहुणे मात्र वर्षातून एकदा येणारे आणि वॉचमनला अनोळखी आहेत. मंडपवाला आणि केटरर यांची माणसे दिवसभर आत-बाहेर करणार असल्यामुळे त्यांना आम्ही पासच देणार आहोत.

मोदक_खजिनदार

प्रत्येक फ्लॅटला एकच कोड द्या आणि तो चार वेळा चालेल असे ठेवा. वॉचमनने दर वेळी एक खूण करायची, चार खुणा झाल्या की प्रवेश बंद. 168 कोड सांभाळणे साडेचारशेपेक्षा कितीतरी सोपे जाते. आम्ही गणपतीत असेच केले होते.

नोंदवही

मी बरीच वर्षे सोसायट्यांच्या सुरक्षा व्यवस्थेचे काम पाहिले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खुणांची पद्धत माणसे मोजायला चांगली आहे. पण तो एक कोड कोणी पुढे पाठवला आणि दोन अनोळखी लोक आधी आत गेले, तर कोणाच्या नावावर कोण गेले हे सांगता येत नाही. यजमानाला एकच निमंत्रण रद्द करायचे असेल, तरी चौघांचा कोड बदलावा लागतो. प्रत्येक प्रौढ पाहुण्याला स्वतंत्र कोड द्यावा आणि लहान मुले त्याच ओळीत आकड्याने लिहावीत. एक कुटुंब दोन गाड्यांनी आले, तरी मग अडचण येत नाही.

आता आकड्यांविषयी. सहा आकडी कोड सुरक्षित वाटतो, पण आजोबांना तो गेटवर चष्मा लावून मोबाईलमध्ये शोधावा लागतो आणि मागची रांग थांबते. नुसता चार आकडी कोड मात्र अपुरा पडतो. 1000 ते 9999 मध्ये 9000 आकडे आहेत. त्यांतले 450 वाटले, तर मनाने सांगितलेला कोणताही आकडा वीसांत एकदा खरा निघेल, शिवाय यादीत अकराएक जोड्या सारख्या आकड्यांच्या सापडतील. यावर उपाय म्हणजे वॉचमनने आधी फ्लॅट क्रमांक विचारायचा आणि मगच कोड. एका फ्लॅटखाली चारच कोड असतात, त्यामुळे अंदाजाने बरोबर आकडा सांगण्याची शक्यता 9000 मध्ये 4 एवढीच उरते. दोन वेगळ्या फ्लॅटना सारखा आकडा गेला तरी बिघडत नाही, फक्त एकाच फ्लॅटमध्ये तो दोनदा नसावा.

पहिल्या स्तंभात फ्लॅट आणि पाचव्यात कोड असेल, तर पाचव्यात पहिले सूत्र आणि तपासणीच्या रिकाम्या स्तंभात दुसरे सूत्र लिहा:

```
=RANDBETWEEN(1000,9999)
=COUNTIFS(A:A,A2,E:E,E2)
```

दुसऱ्या सूत्राचे उत्तर 1 पेक्षा जास्त आले, तर तो कोड बदलायचा. पहिल्या सूत्रातले आकडे पत्रकात कुठेही काही लिहिले की नव्याने बदलतात, म्हणून कोड तयार होताच तो स्तंभ कॉपी करून त्याच जागी फक्त मूल्ये चिकटवा. हे राहून गेले, तर पाहुण्यांना पाठवलेले कोड आणि छापलेली यादी जुळणार नाहीत. हे ओळखायला सोपे आहे: कोडच्या चौकटीवर क्लिक केल्यावर वर सूत्र दिसले, तर काम अपुरे आहे.

गच्ची_समिती

फ्लॅट आधी विचारण्याची कल्पना फार उपयोगाची आहे, मनापासून आभार. दोन गेटांचे काय करावे?

नोंदवही

कागदावर एकच नियम पाळता येतो: एक कोड एकाच टेबलावर असावा. दोन्ही गेटांवर पूर्ण यादी ठेवली, तर कोड दोनदा चालणारच. त्या संध्याकाळी छोटे गेट पाहुण्यांसाठी बंद ठेवा आणि मुख्य गेटच्या आत दोन टेबले मांडा. 168 फ्लॅटची यादी विंगनुसार विभागा आणि फ्लॅटच्या क्रमाने छापा. नावांच्या क्रमाने छापू नका, कारण पाटील आणि जोशी डझनभर निघतात. कोड जुळला की खूण करण्याऐवजी वेळ लिहायची. समजा, बी-603 कडचा पाहुणा आला आणि त्याच्या कोडसमोर आधीच 8:20 लिहिलेले आहे. त्याच्याशी वाद न घालता त्याला बाजूला बसवून यजमानाला मोबाईलवर बोलवायचे आणि समितीच्या माणसाजवळच्या राखीव कोडांपैकी एक नव्या ओळीत लिहायचा. आधी आत गेलेला माणूस कोण, हे यजमानालाच विचारता येते.

आणखी एक गोष्ट अनेकदा पाहिली आहे. पाहुणा वहीवर वाकतो, बोट ठेवतो आणि "हे बघा, हा मी" म्हणतो. त्या पानावर शेजारच्या फ्लॅटचे न वापरलेले कोड आणि मोबाईल क्रमांक असतात. त्यामुळे यादी पॅडला लावून वॉचमनच्या हातात राहावी आणि कोड पाहुण्यानेच बोलून सांगावा.

मोदक_खजिनदार

टेबले आत ठेवली, तर गाडी तपासणीआधीच आवारात शिरते, हे मला पटत नाही. कोड चुकला, तर ती मागे कशी काढणार?

नोंदवही

आपला आक्षेप योग्य आहे. गाडी वळवायला गेटच्या आत जागा असेल तरच हे चालते, नाहीतर गाड्यांसाठी एक माणूस रस्त्याच्या बाजूला उभा करावा लागेल. ठाण्यातली ही जागा मी पाहिलेली नाही.

पायरी_क्रमांक_तीन

यादीत मोबाईल क्रमांक घेणारच असाल, तर त्याचे शेवटचे चार आकडेच कोड म्हणून वापरा. काही बनवावे लागत नाही आणि कोणी विसरतही नाही.

नोंदवही

विसरत नाही हे खरे आहे, पण तो आकडा त्या माणसाच्या सगळ्या ओळखीच्यांना माहीत असतो. कोड हरवला, तर दुसरी खातरजमा म्हणून तो जरूर विचारावा.

गच्ची_समिती

गेटच्या आत दोन गाड्या वळतील एवढी जागा आहे, उद्या प्रत्यक्ष गाडी नेऊन पाहतो. वैधता संध्याकाळी सात ते रात्री एक अशी यादीच्या माथ्यावर छापू. बाहेर जाऊन परतणाऱ्यांना पहिल्या प्रवेशाच्या वेळी हाताला रंगीत कागदी पट्टी बांधण्याचा विचार आहे, म्हणजे कोड पुन्हा लागणार नाही. एक प्रश्न अजून उरतो. बाहेर पडल्याची वेळ लिहायची का? आग किंवा अन्य काही घडले, तर आत किती माणसे आहेत हे समजायला हवे, असे आमच्या सचिवांचे म्हणणे आहे.

सी_विंग_704

बाराच्या दुधानंतर सगळे एकदम निघतात. तेव्हा कोण थांबून वेळ लिहून देणार?

नोंदवही

प्रत्येकाची वेळ लिहिणे शक्य नाही. बाहेर जाणाऱ्यांची नुसती मोजणी करायला एक स्वयंसेवक बसवता येईल, पण पट्टीवाले आत-बाहेर करतील तेव्हा त्यांना परतताना पुन्हा मोजावे लागेल, आणि तो आकडा कितपत भरवशाचा राहील याबद्दल माझे मत अजून पक्के नाही. कोणी हे प्रत्यक्ष करून पाहिले असल्यास जरूर लिहावे.