थकलेल्या बिलाची आठवण कशी करता? पहिल्या मेसेजपासून शेवटच्या नोटिशीपर्यंतचे अनुभव सांगा

रेघमात्रा
मी फ्रीलान्स पॅकेजिंग डिझाईन करते, सोलापुरातच, बहुतेक कामं टॉवेल आणि युनिफॉर्मवाल्यांची. बिल अडकलं की कधी, कुणाला आणि काय लिहायचं हे कुणी शिकवत नाही म्हणून हा धागा काढलाय. तुम्ही खरे पाठवलेले मेसेज टाका, पार्टीचं नाव गाळून. सुरुवात मी करते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेल कारखाना. गिफ्ट बॉक्स आणि कॅटलॉग मिळून 60,000 चं काम, 20,000 ऍडव्हान्स मिळालेला. कोटेशनमध्येच लिहिलेलं की फायनल फाईल दिल्यापासून 15 दिवसांत बाकी रक्कम. फाईल आणि बिल 2 जुलैला गेलं, म्हणजे मुदत 17 जुलै.

पहिला मेसेज मी मुदतीच्या आधीच टाकते. 14 ला टाकला: "सर नमस्कार, बिल नं. 27 ची मुदत 17 तारखेला आहे. बिल अकौंटला पोचलंय ना आणि त्यात काही राहिलं नाही ना, तेवढं कळवाल का?" यात पैसे मागितलेलेच नाहीत. कारण बिल कितीतरी वेळा मालकांच्या व्हॉट्सऍपवरच पडून असतं, अकौंटवाल्यांनी ते बघितलेलंही नसतं. इथंही तेच निघालं, त्यांना मेलवर पीडीएफ आणि पॅन नंबर पाहिजे होता, लगेच दिला.

दुसरा 19 ला, आता मालक आणि अकौंट दोघांना: "बिल 17 ला ड्यू झालं. बाकी 40,000, त्यातून पूर्ण बिलाचा 10 टक्के टीडीएस 6,000 वजा जाता 34,000 येणं आहे. ट्रान्सफर कोणत्या तारखेला होईल?" आकडा आपणच काढून द्यायचा आणि तारीख विचारायची. 'लवकरात लवकर' लिहिलं की उत्तरपण 'लवकरच' येतं. मला 'शनिवारी करतो' आलं आणि शनिवार गेला.

तिसऱ्या वेळी 28 ला फोन केला, आणि फोन ठेवल्या ठेवल्या मेल: "आत्ता बोलणं झालं त्याप्रमाणे आपण 5 ऑगस्टला पूर्ण रक्कम देणार आहात." त्यावर 'ओके' आलं. ते 'ओके' माझ्यासाठी लई मोलाचं, कारण बाकी आहे हे त्यांनी लेखी मानलं.

8 ऑगस्टच्या मेलमध्ये गोड बोलणं काढून टाकलं. "5 तारीख होऊन गेली. दिवाळी कॅटलॉगचं काम हे बिल मिळेपर्यंत थांबवत आहे, मिळाल्या दिवशी पुन्हा सुरू करेन." तेव्हा पहिल्यांदा मालकांचा स्वतःहून फोन आला, की बॉक्सचा रंग पार्टीला आवडला नाही. महिना उलटून गेल्यावर! पुढचं खाली सांगते, आधी तुमचे येऊ द्या.

शेंगाचटणी
अगं पण 45 दिवसांचा कायदा आहे ना, 45 दिवस होईपर्यंत आपल्याला बोलताच येत नाही. मी तर तोवर एक मेसेज टाकत नाही, 46 व्या दिवशी डायरेक्ट नोटीस.

ताळेबंद
मी नवी पेठेत सीएंच्या ऑफिसात आहे, रोज हेच बघतो. 45 ही लेखी ठरलेल्या मुदतीची कमाल मर्यादा आहे ओ. लेखी काही ठरलंच नसेल तर 15 दिवस. आणि रेघमात्रानं 15 लिहून घेतलेत म्हणजे तिचे 15 च. आठवण करायला तर कायदा कधीच अडवत नाही. हे सगळं एमएसएमई कायद्यातलं, 2006 चा, आणि आपलं उद्यम रजिस्ट्रेशन असेल तर. ते फुकट होतं, आधारवर.

रंगाबद्दल: काम मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नसेल तर त्याच कायद्यात काम स्वीकारलं असं धरतात. तेव्हा फोनवर वाद घालू नका, एका ओळीत विचारा की ही हरकत कोणत्या तारखेला लेखी कळवली होती.

अजून एक, 26AS उघडून बघा. तुमच्या बिलावर टीडीएस भरलेला दिसला तर त्यांनी बिल खात्यात घेतलंय. मग 'काम आवडलं नाही' हे पटवणं त्यांना अवघड जातं. फक्त ते तिमाहीचं रिटर्न भरल्यावर दिसतं, लगेच नाही.

होटगीकर
माझंपण असंच आहे, लोगो केला आणि पार्टी अजून बदल सांगतीय, सातवं व्हर्जन चालू आहे आणि पैशाचं नाव नाही. अशात कुठला मेसेज टाकू?

रेघमात्रा
दादा तुमचं बिलच अजून ड्यू झालेलं नाही बहुतेक. आधी कोणतं व्हर्जन फायनल ते लेखी घ्या, त्यावर बिल करा, मग हे सगळं लागू होईल.

बाबा_युनिफॉर्मवाले
मी उलट बाजूचा आहे, शिलाई युनिट आहे. तुम्हाला वाटतं आम्ही मुद्दाम दाबतो. बाहेरगावची पार्टी आमचे तीन तीन महिने देत नाही आणि शनिवारी कारागिरांचा पगार चुकवता येत नाही, मग डिझाईनवाले, प्रिंटर मागं पडतात. मला एका पोरानं लिहिलेलं, "काका अर्धे आज आणि अर्धे 20 ला जमतील का?" त्याचे मी खरंच दिले. नोटीसवाल्याला नंतर काम दिलं नाही.

रेघमात्रा
बाबा, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि हप्ता तिसऱ्या मेसेजपर्यंत मीपण सुचवते. पण दोनदा दिलेली तारीख चुकल्यावर नाही. आणि बाहेरच्या पार्टीनं थकवलं तर त्याचा भार माझ्या घरभाड्यावर का यावा?

शेंगाचटणी
फायनलला काय लिहिलंस ते टाक ना. मी तर फेसबुकवर नाव टाकणार होते एकाचं.

रेघमात्रा
नाव अजिबात टाकू नकोस, उलट बदनामीची नोटीस तुलाच येईल. माझा 20 ऑगस्टचा मेल, पीडीएफ करून रजिस्टर्ड पोस्टानंपण पाठवला:

"विषय: बिल नं. 27, अंतिम सूचना. काम 2 जुलैला दिले, मुदत 17 जुलै, आपण 28 जुलैच्या मेलवर रक्कम मान्य केली आहे. रंगाबाबत लेखी हरकत मुदतीत आलेली नाही. 27 ऑगस्टपर्यंत 34,000 जमा झाल्यास व्याज मागणार नाही. न झाल्यास 28 ऑगस्टला एमएसएमई परिषदेकडे अर्ज करेन, कायद्याप्रमाणे बँक रेटच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याजासह. सोबत कोटेशन, बिल, मेल जोडले आहेत."

राग नाही, विशेषण नाही, आणि जे खरंच करणार होते तेवढंच. उद्यम नंबर बिलावर आधीपासून छापलेला आहे. 26 ला त्यांच्या अकौंटवाल्यांचा फोन आला, 'आमच्या सीएंनी सांगितलंय' म्हणाले, आणि संध्याकाळी 34,000 जमा. दिवाळी कॅटलॉग मात्र त्यांनी दुसऱ्याला दिला.

ताळेबंद
सीएंनी का सांगितलं ते सांगतो. 1 एप्रिल 2024 पासून आयकरात असं आहे की सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीबाहेर गेलं आणि मार्च एंडलापण थकलेलं राहिलं तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष दिल्यावरच धरतात. म्हणून आम्ही क्लायंटच्या मागं लागतो. पण परिषदेकडं अर्ज केला की लगेच पैसे येतात असं समजू नका. सोलापूरचं प्रकरण पुणे विभागाच्या परिषदेकडं जातं, आधी तडजोड, मग लवाद. कायद्यात 90 दिवस लिहिलेत, जास्तच लागतात.

शेंगाचटणी
माझं उद्यम नाहीये, काम मार्चमध्ये झालं. आत्ता काढलं तर जुन्या बिलाला चालेल का?

ताळेबंद
काम ठरायच्या आधीचं रजिस्ट्रेशन पाहिजे असं सुप्रीम कोर्टाचे निकाल आहेत, पण त्यावर नंतर पुन्हा प्रश्न उभे राहिलेत, त्यामुळं मी हो म्हणणार नाही. वकिलांना दाखव. पुढच्या कामासाठी आजच काढ, आणि मार्चच्या बिलाला निदान तारीख विचारणारा मेल आज टाक. साध्या दाव्याला ड्यू तारखेपासून 3 वर्षं असतात, आणि मुदतीत त्यांचं लेखी 'देतो' आलं तर तिथून परत मोजतात.