ईजीआरमधलं सोनं प्रत्यक्ष हातात कसं घ्यायचं? (नाशिक) – मदत हवी आहे

गोदाकाठ
नमस्कार. मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. दागिन्यांसाठी म्हणून गेली दोन-अडीच वर्षं पगार झाला की एक-दोन ग्रॅमच्या ईजीआर, म्हणजे शेअर बाजारातल्या इलेक्ट्रॉनिक सोन्याच्या पावत्या, घेत आले. आज डीमॅटमध्ये 50 ग्रॅम आहेत. सराफ बाजारात आमचे पिढीजात सराफ आहेत. ते म्हणाले, "ताई, चोख सोन्याची बिस्किटं आणा, घडवून देतो."

आता अडचण अशी की ब्रोकरच्या ॲपमध्ये फक्त 'विका' हे बटण दिसतं. फोन केला तर समोरच्या मुलाने आधी शेअर कागदावर उतरवून घेण्याचा फॉर्म पाठवला. दुसऱ्यांदा केला तर म्हणाला, "मॅडम, विकून पैसे घ्या आणि दुकानातून सोनं घ्या." मला पैसे नकोत, सोनं हवंय. 50 ग्रॅम म्हणजे 10 ग्रॅमची पाच बिस्किटं मिळतील, असं मी धरून चालले आहे. कोणी प्रत्यक्ष काढलंय का? सोनं नाशिकलाच मिळेल की मुंबईला जावं लागेल?

वायदेवाला
डिलिव्हरी मिळते, पण कराराची मुदत संपतानाच. शेवटच्या दिवसांत डिलिव्हरीची इच्छा कळवावी लागते. नाही कळवली तर पुढच्या महिन्यात सौदा फिरवावा लागतो. मी एमसीएक्सवर बरीच वर्षं आहे, त्यामुळे हे खात्रीने सांगतो. आणि काढताना जीएसटी लागेल, तो हिशेबात धरा.

तराजू
वायदेवाला, जीएसटीचं बरोबर आहे, पण बाकीचं वायदे बाजाराचं झालं. ईजीआर हा वायदा नाही. 2022 च्या दिवाळीत मुंबई शेअर बाजारात याचे सौदे सुरू झाले. ही पावती तिजोरीत आधीच ठेवलेल्या सोन्यावर निघते. तिला मुदत नसते, फिरवावं लागत नाही. दहा वर्षांनी काढलं तरी चालतं. फक्त तेवढ्या काळाचं तिजोरीचं भाडं चढत राहतं.

गोदाकाठ ताई, मी निवृत्तीपर्यंत एका डीपीकडे, म्हणजे डीमॅट खातं सांभाळणाऱ्या संस्थेकडे, कामाला होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. 'विका' दाबायचं नाही. तसं केलं तर पावती दुसऱ्याच्या नावावर जाईल आणि तुम्हाला पैसे मिळतील. सोनं काढण्याची विनंती बाजारात जातच नाही. ती तुमच्या डीपीमार्फत डिपॉझिटरीकडे जाते, जिथे सगळ्या डीमॅट खात्यांची मूळ नोंद असते. डिपॉझिटरी तेवढ्या पावत्या अडकवून ठेवते, म्हणजे त्या मधल्या काळात विकता येत नाहीत, आणि विनंती व्हॉल्ट मॅनेजरकडे पाठवते. हा सेबीकडे नोंदलेला तिजोरीवाला. तो थकलेलं भाडं, काढण्याचं शुल्क आणि जीएसटी भरून घेतो, ओळख पटवतो, सोनं तुमच्या हातात देतो आणि मग त्या पावत्या कायमच्या रद्द होतात. ब्रोकरच्या फोनवरच्या मुलाला हे माहीत नसणं मी समजू शकतो, रोज कोणी असं मागत नाही. तुम्ही डीपी विभागाला लेखी मेल करा आणि त्यात 'ईजीआरचे प्रत्यक्ष सोन्यात रूपांतर' असेच शब्द लिहा.

पण त्याआधी एक सांगा. तुमचे 50 ग्रॅम एकाच शुद्धतेचे आहेत का? होल्डिंगमध्ये एक ओळ दिसते की दोन?

मायलेकी
माझ्याकडे आजीच्या पाटल्या आणि एक मोडकी ठुशी आहे, सगळं मिळून सहा-सात तोळे. ते तिजोरीत जमा करून अशी पावती घेता येते का? घरात ठेवायची भीती वाटते.

तराजू
मायलेकी, नाही. दागिने तिजोरीत घेत नाहीत. मान्यताप्राप्त रिफायनरीचा शिक्का आणि नंबर असलेल्या लगडी आणि बिस्किटंच चालतात. कारण उघड आहे. तिथलं सोनं कोणालाही दिलं तरी सारखंच असलं पाहिजे. पाटलीत डाक असतो, ठुशीत लाख असते, ते वितळवून टंच काढल्याशिवाय कोण सांगणार? भीती असेल तर बँकेचा लॉकर बघा. इथे गोदाकाठ ताईंचा प्रश्न उलट्या दिशेचा आहे.

गोदाकाठ
तराजू काका, आत्ताच बघितलं. ओळी दोनच आहेत. एकीत 34, दुसरीत 16. पहिलीपुढे 999 आहे आणि दुसरीपुढे 995. घेताना ज्या दिवशी जे स्वस्त दिसलं ते घेतलं. यात काही चुकलं का?

तराजू
चूक नाही, पण पाच बिस्किटं निघणार नाहीत, चारच निघतील. 999 आणि 995 या दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्यांचे आयसिन, म्हणजे डीमॅटमधले ओळख क्रमांक, वेगळे. खरेदी एक ग्रॅमच्या पटीत होते, पण प्रत्यक्ष सोनं ठरलेल्या तुकड्यातच मिळतं, 10 ग्रॅम किंवा 100 ग्रॅम. तुमच्या दोन्ही ओळींचा तुकडा 10 ग्रॅमचाच आहे ना, हे आयसिन देऊन डीपीकडून पक्कं करा. 100 ग्रॅमचा निघाला तर 34 ग्रॅमवर काहीच काढता येणार नाही.

10 ग्रॅम धरून हिशेब असा: 34 मधून तीन बिस्किटं, 4 ग्रॅम मागे. 16 मधून एक, 6 ग्रॅम मागे. ते 4 आणि 6 मिळून 10 होतात, पण तिजोरीवाला त्यांची बेरीज करत नाही.

यावर उपाय आहे. 995 चे 6 ग्रॅम विका आणि 999 चे 6 ग्रॅम घ्या. मग एकीत 40, दुसरीत 10. पाच पूर्ण बिस्किटं. घेतलेले 6 ग्रॅम डीमॅटमध्ये आल्यावरच काढण्याची विनंती टाका, सौद्याच्या दिवशी नको.

वायदेवाला
माझी चूक मान्य. पण हा उपाय कागदावर सोपा आहे. ईजीआरमध्ये उलाढाल फार कमी असते. खरेदी आणि विक्रीच्या बोलीत मोठी फट दिसते. बाजारभावाने ऑर्डर टाकली तर घेताना महाग, विकताना स्वस्त, दोन्हीकडे कापलं जाईल. भाव ठरवून ऑर्डर टाका आणि समोर किती ग्रॅमची बोली आहे ते आधी बघा.

तराजू
हे अगदी खरं. फट जास्त असली तर चार बिस्किटं काढा आणि उरलेले 10 ग्रॅम तसेच ठेवा, घाईत विकू नका.

निफाडची सून
नाशिकच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. मी मागच्या वर्षी 20 ग्रॅम काढलं. डीपीने दिलेल्या केंद्रांच्या यादीत मला जवळचं मुंबईच होतं. पंचवटी एक्स्प्रेसने गेलो, नवरा बरोबर होता. माझी विनंती पहिल्यांदा परत आली, कारण तिजोरीचं भाडं थकलं होतं आणि ते मला कोणीच कळवलं नव्हतं. भरल्यावर दुसऱ्यांदा टाकली.

तिथे आधारकार्ड, पॅन बघितलं, सही घेतली आणि पारदर्शक पाकिटात बंद दोन बिस्किटं दिली. पाकिटावर वजन, शुद्धता आणि नंबर छापलेला होता. मी तिथेच टेबलावर नंबर कागदाशी ताडून पाहिला आणि पाकीट उघडलं नाही. आमच्या सराफांनी नंतर सांगितलं, बरं केलंत, पाकीट फाटलेलं बिस्कीट कोणी विश्वासाने घेत नाही, पुन्हा टंच काढावा लागतो.

गोदाकाठ
ताई, फार उपयोगी सांगितलंत. मी ज्या दिवशी घेतलं त्याच दिवशीचं, तेच सोनं मिळतं का? आणि जीएसटी किती धरू?

तराजू
तेच बिस्कीट मिळेल असं नाही. एकाच आयसिनचं सोनं सगळं सारखंच धरतात, म्हणून एका व्हॉल्टमध्ये जमा झालेलं दुसऱ्या व्हॉल्टमधून, दुसऱ्या शहरातूनही काढता येतं. तुम्ही निवडलेल्या केंद्रावर साठा नसला तर आणण्याचा खर्च कोणाचा, हे विनंती टाकतानाच विचारून ठेवा.

जीएसटी 3 टक्के. बाजारात पावती घेता-विकताना तो लागत नाही, सोनं बाहेर काढताना लागतो. हिशेबाला सोपं म्हणून ग्रॅमला 10,000 रुपये धरा. 50 ग्रॅमचे 5 लाख, त्यावर 15,000. शिवाय काढण्याचं शुल्क आणि भाडं. म्हणजे सोनं पूर्ण पैसे भरून घेतलेलं असलं तरी त्या दिवशी खात्यात रोख लागते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आणखी एक. ईजीआरचं सोन्यात रूपांतर म्हणजे विक्री नाही. 2023 च्या वित्त कायद्याने तसं स्पष्ट केलं, त्यामुळे काढताना भांडवली नफ्याचा कर नाही. पुढे कधी ते सोनं विकलंत तर मूळ खरेदीची किंमत आणि तारीख धरतात. म्हणून सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोट जपून ठेवा. मधल्या उपायात जे 6 ग्रॅम विकाल, त्यावरचा नफा मात्र दाखवावा लागेल.

गोदाकाठ
आज अपडेट द्यायला आले. डीपीने दोन्ही तुकडे 10 ग्रॅमचेच असल्याचं लेखी कळवलं. तीन दिवस भाव ठरवून ऑर्डर ठेवली, तेव्हा 6 ग्रॅमची अदलाबदल झाली, फट होती पण झेपली. आता 40 आणि 10. भाडं भरलं, विनंती टाकली, मुंबईचं केंद्र निवडलं.

सराफांकडे जाऊन हिशेब मांडला. 999 ची चार आणि 995 चं एक, म्हणजे शुद्ध सोनं 49.91 ग्रॅम. 22 कॅरेटच्या दागिन्यात 916 धरून ते साधारण साडेचोपन्न ग्रॅम होतं, त्यातून त्यांची तूट जाईल. मुलीचा मोहनमाळेचा हट्ट आहे, तेवढ्यात बसेल म्हणाले.

आता एकच अडलंय. ते दोन प्रकारे बिल करता येईल म्हणतात. माझ्याच सोन्याचे दागिने घडवून घेतले तर घडणावळीवर 5 टक्के जीएसटी. पण बिस्किटं त्यांना देऊन तयार माळ घेतली तर माळेच्या पूर्ण किमतीवर 3 टक्के. काढताना 3 टक्के मी आधीच भरणार. घडवून घेण्यातच फायदा दिसतो, पण माळ घडायला सहा आठवडे लागतील आणि लग्नाला सात आहेत.

निफाडची सून
मी घडवूनच घेतलं. पण आठ दिवसांचं दहा झालं होतं, हे सांगून ठेवते.

तराजू
घडवून घेणार असाल तर बिस्किटांचे नंबर आणि वजन सराफांच्या पावतीवर लिहून घ्या. नाहीतर तुमचंच सोनं वापरलं, हे नंतर दाखवता येणार नाही. वेळेचा निर्णय तुम्हीच करायचा आहे. मुंबईहून सोनं कोणत्या तारखेला हातात येतं ते इथे नक्की लिहा.