मदत हवी आहे: औषधाचा कोर्स संपला, तरी मुलीचा डांग्या खोकला का थांबत नाही?

कृष्णाकाठ
मुलगी ११ वर्षांची. आधी साधी सर्दी वाटली, मग खोकला वाढत गेला आणि आता तिसरा आठवडा चालू आहे. दिवसा मधल्या वेळेत अगदी ठणठणीत असते, ताप नाही. पण उबळ आली की एका दमात दहा-बारा वेळा खोकते, मध्ये श्वास घ्यायला फुरसतच नाही. चेहरा लालबुंद, जीभ बाहेर. शेवटी 'हूऽऽप' असा आवाज करत श्वास आत ओढते, चिकट तार पडते आणि बहुतेक वेळा जेवलेलंही पडतं. डॉक्टरांनी नाकातून घशामागचा स्वॅब घेतला, पीसीआर पॉझिटिव्ह आला. अ‍ॅझिथ्रोमायसिनचा पाच दिवसांचा कोर्स पूर्ण झाला. डॉक्टर म्हणतात जंतू गेले, खोकला मात्र राहील. जंतू गेले तर खोकतेय कशामुळे? आणि तो आवाज नक्की कुठून येतो? लशी सगळ्या दिल्यात, दहाव्या वर्षाचीसुद्धा.
शिवाय बहीण दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन आमच्याकडे राहायला यायची आहे. येऊ देऊ का?

सोनटक्का
माझ्या धाकट्याला असाच रात्रीचा खोकला होता, दोन महिने चालला. शेवटी बालदमा निघाला, पंप सुरू केल्यावर थांबला. तुम्हीही पंप विचारून बघा. आणि आलं-मधाचं चाटण द्या.

मंदार_क
ताई, हा जंतू विष सोडतो. जंतू मेला तरी विष रक्तातून फुप्फुसात जातं आणि साठून राहतं, म्हणून खोकला. हूप म्हणजे श्वासनळीत अडकलेल्या कफाचा घरघर आवाज. कफ पातळ करणारं सिरप घ्या, सुटेल.

पेट्रीडिश
मेडिकल कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात नोकरी झाली, आता निवृत्त. मंदार, विषाचं बरोबर आहे, वाट चुकली. डांग्याचा जंतू, बोर्डेटेला पर्ट्युसिस, रक्तात शिरत नाही. तो श्वासनळीच्या आतल्या अस्तरावरच चिकटून बसतो, तेही नेमका तिथल्या बारीक केसांवर. हे केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि धूळ, जंतू, कफ सगळं घशाकडे ढकलत नेतात. आपल्याला पत्ताही लागत नाही.

आता गंमत बघा. जिवाणू वाढताना त्याच्या भिंतीचे तुकडे सुटतात. इतर बरेच जिवाणू ते तुकडे परत आत ओढून वापरतात. हा पठ्ठ्या ते बाहेरच सांडत राहतो, आणि तो तुकडाच विषारी ठरतो: ट्रॅकियल सायटोटॉक्सिन. हॅमस्टरच्या श्वासनळीचे तुकडे प्रयोगशाळेत जिवंत ठेवून हे तपासलं गेलंय. विष शेजारच्या, केस नसलेल्या, कफ बनवणाऱ्या पेशींना चेतवतं. त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि त्यात केसाळ पेशी मरतात. म्हणजे मार शेजाऱ्याच्या हातून बसतो. पेशी गळून पडतात, अस्तर उघडं पडतं. कफ बनतच राहतो, पण त्याला वर नेणारं कोणी उरत नाही. मग उरतो एकच उपाय, खोकून बाहेर फेकणं.

अ‍ॅझिथ्रोमायसिन जंतू मारतं, गळालेल्या पेशी परत आणत नाही. नवं केसाळ अस्तर उगवायला आठवडे लागतात. औषध अगदी सर्दीच्या दिवसांत सुरू झालं तर खोकला थोडा सौम्य होऊ शकतो. उबळी सुरू झाल्यावर दिलं तर त्याचा उपयोग मुख्यतः दुसऱ्यांना लागण होऊ नये एवढाच.

मंदार_क
मग डांग्या खोकल्यात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात ते कसं? त्या रक्तातच असतात ना? मी तेच वाचलं होतं.

पेट्रीडिश
ते दुसरं विष, पर्ट्युसिस टॉक्सिन. जंतू अस्तरावरच राहतो, पण हे विष पुढे जातं. पांढऱ्या पेशी रक्तातून ऊतींत जायची वाट बंद होते, त्या रक्तातच साठतात आणि सीबीसीत आकडा फुगतो. लहान बाळांत हे फार वाढलं तर जिवावर बेततं. ११ वर्षांच्या मुलीत कदाचित दिसणारही नाही.

आता हूप. खोकताना हवा बाहेर जाते. एरवी दोन-तीन खोकल्यांनंतर आपण श्वास घेतो. उबळीत तो घेताच येत नाही, त्यामुळे नेहमीच्या उच्छ्वासानंतरही जी हवा छातीत शिल्लक असते तीसुद्धा बाहेर पडते. मग शरीर जिवाच्या आकांताने हवा आत ओढतं, आणि त्या क्षणी स्वरयंत्राची फट अर्धवट मिटलेली असते. फुग्याचं तोंड ताणून धरलं की हवा कशी किंचाळत जाते, तसं, फक्त इथे ती आत जाते. म्हणून आवाज खोकल्याचा नाही, खोकल्यानंतरच्या श्वासाचा आहे. कफ पातळ करणाऱ्या सिरपने तो जात नाही, आणि पंपानेही फारसा फरक पडत नाही, सोनटक्का.

वाटसरू
माझाही कोरडा खोकला महिनाभर जात नाही, पण हूप वगैरे नाही. म्हणजे डांग्या नाही, बरोबर ना? की टीबी तपासू?

पेट्रीडिश
वाटसरू, हूप नाही म्हणून डांग्या नाही असं होत नाही. मोठ्यांना बऱ्याचदा हूप येतच नाही. तुम्ही डॉक्टरांना दाखवा, दोन्ही तपासा.

कृष्णाकाठ, आता बाळाचं. छोट्या बाळात तो आवाज जवळपास नसतोच, कारण एवढ्या जोरात हवा ओढायची ताकद त्याच्यात नाही. ते एकदम श्वास थांबवतं, निळं पडतं. खोकला नावालाही नसेल. असं झालं तर थेट रुग्णालय. डांग्याची लस ज्यात असते त्या पेंटाव्हॅलंटचे डोस ६, १०, १४ आठवड्यांना, म्हणजे दोन महिन्यांच्या बाळाचा जेमतेम पहिला झालेला असतो. मुलीचे पाच दिवस पूर्ण झालेत, तिच्याकडून धोका उरला नाही म्हणायला हरकत नाही. पण घरात आणखी कोण खोकतंय?
आणि दहाव्या वर्षाची लस टीडी असते, धनुर्वात आणि घटसर्पाची. डांग्याचा भाग तीत नाही. शेवटचा डांग्याचा डोस पाच-सहा वर्षांचा, त्याचं संरक्षण पुढे ओसरत जातं.

कृष्णाकाठ
सासरे खोकतात. मुलीच्याही आधीपासून. आम्ही तंबाखूचा खोकला समजून सोडून दिलं होतं.

पेट्रीडिश
तिथूनच आला असेल असं खात्रीने म्हणता येणार नाही, पण घराघरांत असंच दिसतं. मोठ्याला नुसता चिवट खोकला, लहान्याला उबळी. त्यांचा स्वॅब आता उशिरा पडेल. तीन-चार आठवडे उलटले की पीसीआर निगेटिव्ह येऊ शकतो आणि त्यावरून काही सिद्ध होत नाही. डॉक्टरांना घरातल्या सगळ्यांच्या प्रतिबंधक औषधाचं विचारा, कोर्स तोच असतो. बाळ यायच्या आधी.

मंदार_क
एक शंका. अस्तर उगवून आलं तरी पुढच्या सर्दीत पुन्हा उबळी येतात म्हणतात. मग तेव्हा काय बिघडलेलं असतं?

पेट्रीडिश
यावर एकमत नाही. उंदरांवरच्या कामात असं दिसलं की जंतूची काही द्रव्यं खोकल्याच्या नसांना अतिसंवेदनशील करतात. माणसात किती काळ टिकतं, हे अजून नीट उलगडलेलं नाही.

कृष्णाकाठ
बहिणीला थांबायला सांगितलं, थोडी रुसली. डॉक्टर घरातल्या सगळ्यांना औषध द्यायला तयार आहेत. सासरे मात्र म्हणतात, "माझा खोकला चाळीस वर्षांचा आहे, मला कशाला गोळ्या?" आता हे कोणी त्यांच्या गळी उतरवायचं, ते सुचवा.