मदत हवी आहे: ४३ प्रकल्पांतून बायोडेटात कोणते ठेवावेत?

मी २७ वर्षे पुलांच्या संरचना-आरेखनाचे काम करत असून मेट्रोच्या उन्नत मार्गासाठी मुख्य आरेखक या पदाकरिता अर्ज करत आहे. बायोडेटा दोनच पानांचा हवा आहे, त्यामुळे ४३ पैकी फार तर आठ प्रकल्प बसतील. प्रत्येकाला मी पदाशी संबंधासाठी १०, आकारासाठी ३ आणि अलीकडेपणासाठी ३ पैकी गुण दिले. आकारासाठी एकूण खर्च न धरता माझ्या जबाबदारीतील भागच धरला, कारण मुलाखतीत त्याबद्दलच विचारतात.

सहा प्रकल्प सहज ठरले. २००६ चा खाडीपूल जुना असूनही १३ गुणांनी वर राहिला, कारण त्यातील प्रीकास्ट सेगमेंटची बॉक्स गर्डर रचना मेट्रोतही वापरतात. २०२३ मधील मोऱ्या ६ गुणांवर वगळल्या. उरलेल्या दोन जागांपैकी सातवी मी गेल्या तीन वर्षांतील कामासाठी राखली आहे, नाहीतर अलीकडचा काळ रिकामा दिसेल.

आठव्या जागेसाठी २०११ चा ३० मीटर गाळ्यांचा पूर्वप्रतिबलित उड्डाणपूल आणि २०२१ मधील जुन्या पुलाची बेअरिंगबदली यांना प्रत्येकी ९ गुण आहेत. आरेखकांची निवड करणाऱ्यांनी कृपया सांगावे, यांपैकी कोणता ठेवावा?